पासवर्ड बदलला तरी इन्स्टा परत परत हॅक होतंय? मग या क्रमाने बघा

भांडुपला स्टेशनपासून पाच मिनिटांवर माझं मोबाईल रिपेअरिंगचं दुकान आहे. स्क्रीन बदलणं, चार्जिंग जॅक, पावसाळ्यात भिजलेले फोन, हे रोजचं काम. पण गेली तीन-चार वर्षं महिन्याला दोन-तीन जण असे येतात की ज्यांच्या फोनला काहीच झालेलं नसतं. आई नाहीतर बाबा पुढे, मागे मान खाली घालून मुलगा किंवा मुलगी, आणि वाक्य ठरलेलं, "याचं इन्स्टा हॅक झालंय, पासवर्ड बदलला तरी परत होतंय."

आता आमच्या गल्लीतल्या मंडळाच्या पेजवाल्या पोरांनी मागे लागून सांगितलं की काका यावर एक कॅरोसेल बनवून द्या, मुलांसाठी पण आणि आईबाबांसाठी पण, दर स्लाइडला एकच सवय. मी पहिल्यांदा चौदा स्लाइड लिहून नेल्या तर तो पेज बघणारा पोरगा म्हणाला सातच्या पुढे कोणी स्वाइप करत नाही. बरोबर आहे त्याचं. म्हणून स्लाइडवर जायच्या ओळी खाली मध्ये मध्ये दिल्यात, आणि त्या ओळीमागचं कारण इथे सविस्तर लिहितोय, कारण स्लाइड वाचून सवय लागत नाही, का ते कळलं तर लागते.

आधी लक्षणं

पासवर्ड बदलल्यावर एक-दोन दिवसांत अकाऊंट परत हातातून जातं. तुम्ही न टाकलेली स्टोरी दिसते, बहुतेक "पैसे दुप्पट" वाली. मित्रांना तुमच्या नावाने मेसेज जातात, "मला व्होट कर ना", "तुझ्या नंबरवर लिंक आलीय ती पाठव". आणि सगळ्यात महत्त्वाचं लक्षण, ज्याकडे कोणी बघतच नाही, ते म्हणजे इन्स्टाचे सिक्युरिटीचे मेल येणंच बंद होतं. पासवर्ड बदलला तर मेल यायला पाहिजे, नवीन फोनवरून लॉगिन झालं तर मेल यायला पाहिजे. तुम्ही स्वतः पासवर्ड बदललात आणि त्याचाही मेल इनबॉक्समध्ये नाही, तर गडबड इन्स्टात नाही, मेलमध्ये आहे. हे लक्षात ठेवा, पुढे यावरच गाडी अडणार आहे.

आणि हे लक्षण नाही: न मागता "पासवर्ड रीसेट करा" असा मेल किंवा कोड आला. याचा अर्थ कोणीतरी तुमचं युझरनेम टाकून फरगॉट पासवर्ड दाबलं, बास. तो आत आलेला नाही, दार वाजवून गेलाय. काही करू नका, लिंक दाबू नका, कोड कोणाला देऊ नका. फोन गरम होतोय, बॅटरी उतरतेय, यानेही हॅक सिद्ध होत नाही, त्यासाठी माझ्याकडे बॅटरी बदलायला या.

एक केस सांगतो, म्हणजे क्रम का असा ते कळेल

दहावीतली एक मुलगी, बाबांबरोबर शनिवारी आली. सहा दिवसांत तीनदा अकाऊंट गेलं होतं. सुरुवात रविवारी रात्री, मैत्रिणीच्या अकाऊंटवरून मेसेज आला की मी एका स्पर्धेत आहे, तुझ्या नंबरवर एक लिंक येईल तिचा स्क्रीनशॉट पाठव. मैत्रिणीचं अकाऊंट आधीच गेलेलं, लिहिणारा दुसराच. हिने स्क्रीनशॉट पाठवला. ती लिंक म्हणजे हिच्याच अकाऊंटची रीसेटची लिंक, समोरच्याने फोटोत बघून टाईप केली आणि आत. त्या रात्री हिने अकाऊंट परत मिळवलं, नवीन पासवर्ड ठेवला, मंगळवारी परत गेलं, परत मिळवलं, शुक्रवारी परत.

मी शनिवारी काय केलं तर इन्स्टातले सगळे अनोळखी लॉगिन बंद केले, एक परकी मेल आयडी जोडलेली होती ती काढली, इन्स्टाचा आणि जीमेलचा दोन्हीचा पासवर्ड बदलला. टू-फॅक्टर, म्हणजे पासवर्डनंतर आणखी एक कोड मागणारी सोय, घरी जाऊन लावा म्हटलं कारण बाबांना सेकंड शिफ्टला जायचं होतं. मला वाटलं झालं काम. सोमवारी संध्याकाळी दोघं परत दारात. "काका, परत गेलं."

चूक माझी होती. मी सगळं फोनवर बघितलं होतं. नेमकं कुठे अडलं ते जीमेलच्या मुद्द्यात सांगतो.

पहिलं बघायचं: कोण कोण आत बसलंय (फुकट, दोन मिनिटं)

इन्स्टाच्या सेटिंगमध्ये `Accounts Centre`, त्यात `Password and security`, त्यात `Where you're logged in`. इथे ज्या ज्या फोनवर, लॅपटॉपवर तुमचं अकाऊंट उघडं आहे त्यांची यादी येते. हे पहिलं का, तर पासवर्ड बदलताना बाकीच्या डिव्हाइसवरून लॉगआऊट करायचा पर्याय घाईत सुटतो, आणि मग चोराच्या फोनवर अकाऊंट उघडंच राहतं. कुलूप बदललं पण माणूस घरातच, असं होतं.

इथे एक गोष्ट, गावाच्या नावावरून घाबरू नका. मोबाईल डेटावर असलं की लोकेशन अंदाजे येतं, भांडुपमध्ये बसलेल्या माणसाचं पुणे किंवा भलतंच शहर दाखवतं. एक आई तर रडत आली होती की कोणीतरी नागपूरवरून मुलाचं अकाऊंट बघतंय, बघतो तर तो त्याचाच फोन. गावाचं नाव नंतर, आधी फोनचं मॉडेल आणि वेळ बघायची. घरात कोणाकडे नाही असा फोन किंवा रात्री तीनला विंडोजवर लॉगिन आणि घरात लॅपटॉपच नाही, तर तो परका. तो निवडून लॉगआऊट करा.

स्लाइडवर: *दर महिन्याच्या १ तारखेला लॉगिनची यादी बघायची. जो फोन ओळखत नाही, तो बाहेर.*

दुसरं: अकाऊंटला कोणाचा मेल, कोणाचा नंबर जोडलाय

त्याच `Accounts Centre` मध्ये `Personal details` आणि त्यात `Contact info`. चोर आत आला की पहिलं हेच करतो, स्वतःची एक मेल आयडी गुपचूप जोडून ठेवतो, तुमची काढतही नाही म्हणजे तुम्हाला संशय येत नाही. मग तुम्ही कितीही पासवर्ड बदला, तो फरगॉट पासवर्ड दाबणार आणि लिंक त्याच्याच मेलवर मागवणार. तिथेच वर कोणकोणती अकाऊंट एकत्र जोडलेली आहेत ती पण दिसतात, एखादं अनोळखी फेसबुक किंवा दुसरं इन्स्टा तुमच्याबरोबर जोडलेलं असलं तर तेही काढून टाका.

आईबाबांनो, इथे तुमचा जुना नंबर निघायची शक्यता फार. मूल लहान असताना दुकानदाराने कुठल्यातरी सिमवर मेल आयडी बनवून दिलेली असते, ते सिम रिचार्ज न केल्याने कधीच बंद झालेलं असतं. आपल्याकडे बंद झालेला नंबर कायमचा मरत नाही, ९० दिवस तरी थांबून कंपनी तो दुसऱ्या माणसाला देऊ शकते. २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टातही ट्रायने हेच सांगितलंय, आणि आपला डेटा त्या नंबरवरून हटवायची जबाबदारी ग्राहकाचीच हे कोर्टानेही म्हटलं. म्हणजे नवीन माणूस चोर नसला तरी तुमच्या मुलीचे कोड त्याच्या फोनवर जाणार. सिम बंद करायच्या आधी नंबर सगळीकडून काढायचा, नंतर नाही, कारण नंतर काढायला गेलात तर कधी कधी त्याच नंबरवर ओटीपी मागतात आणि मग बसा.

स्लाइडवर: *सिम बंद करायच्या आधी तो नंबर मेल, इन्स्टा, व्हॉट्सअ‍ॅप सगळीकडून बदलायचा.*

तिसरं: जीमेल, आणि ते लॅपटॉपवरच

इथे जरा बसून वाचा, कारण माझ्याकडे परत परत येणाऱ्या केसेस बहुतेक इथेच सुटतात.

इन्स्टाची चावी मेलमध्ये असते. ज्याच्या हातात मेल त्याच्या हातात इन्स्टा, शाळेचं पोर्टल, गेमचं अकाऊंट, फोटोंचा बॅकअप, सगळं. म्हणून इन्स्टा गेलं की आईबाबा इन्स्टाच्या मागे धावतात ते उलटं आहे, इन्स्टाचा पासवर्ड बदलायच्या आधी मेल बघायचा.

त्या मुलीच्या जीमेलमध्ये फोनवर काहीच दिसत नव्हतं. डिव्हाइसची यादी स्वच्छ, रिकव्हरी नंबर बाबांचाच. सोमवारी मी दुकानातला लॅपटॉप काढला आणि पहिलं हे सर्च केलं:

```
in:anywhere from:security@mail.instagram.com
```

इन्स्टाचे खरे सिक्युरिटी मेल या पत्त्यावरून येतात, आणि `in:anywhere` लिहिलं की जीमेल स्पॅम आणि ट्रॅश पण शोधतं. इनबॉक्समध्ये एक मेल नव्हता आणि ट्रॅशमध्ये ढीगभर, सगळे वाचलेले म्हणून दाखवत होते. तिने त्यातला एकही उघडला नव्हता. ट्रॅश ३० दिवसांनी आपोआप रिकामा होतो, म्हणजे अजून महिना गेला असता तर हा पुरावा पण गेला असता.

मग वरचं गिअरचं चिन्ह, `See all settings`, आणि `Filters and Blocked Addresses`. तिथे एक फिल्टर बसवलेला: इन्स्टाकडून आलेला कुठलाही मेल एका अनोळखी पत्त्यावर पुढे पाठव, वाचलेला म्हणून मार्क कर, आणि डिलीट कर. बास, एवढंच. त्या माणसाला हिच्या मेलमध्ये लॉगिन असायची गरजच राहिली नव्हती. मी शनिवारी जीमेलचा पासवर्ड बदलला, त्याला बाहेर काढलं, पण फिल्टर तिथेच, कारण पासवर्ड बदलल्याने फिल्टर जात नाही. तो आपला बाहेर बसून फरगॉट पासवर्ड दाबत होता आणि रीसेटची लिंक त्याला घरपोच मिळत होती. आणि जीमेलच्या मोबाईल अ‍ॅपमध्ये फिल्टर दिसतच नाहीत! म्हणून फोनवर सगळं ठीक वाटतं.

तर लॅपटॉपवर दोन टॅब बघा, हा फिल्टरचा आणि शेजारचा `Forwarding and POP/IMAP`. तुम्ही स्वतः न केलेलं जे असेल ते काढा. त्याआधी फोटो काढून ठेवा, पुढे तक्रार करायची वेळ आली तर तो परका पत्ता लागतो. लॅपटॉप घरात नसेल तर शेजाऱ्यांचा घ्या, इन्कॉग्निटो विंडो उघडा आणि काम झालं की लॉगआऊट. सायबर कॅफेत हे करू नका.

मग `myaccount.google.com` वर सिक्युरिटीमध्ये डिव्हाइस, रिकव्हरी फोन, रिकव्हरी मेल. रिकव्हरीमध्ये परका नंबर निघाला तर काढा, आणि हे माहीत असू द्या की नंबर बदलल्यावरही गूगल ७ दिवसांपर्यंत जुन्या नंबरवर कोड पाठवायचा पर्याय देऊ शकतं. तुमचा नंबर चोराने बदलला असेल तर ही गोष्ट तुमच्या फायद्याची, कारण त्या आठवड्यात तुमच्या जुन्या नंबरने तुम्ही आत येऊ शकता. पण त्यामुळेच उशीर करायचा नाही. तुम्ही चोराचा काढला असेल तर तो आठवडा जरा जास्त लक्ष ठेवा.

पण तो तिच्या मेलमध्ये शिरलाच कसा, हा माझा प्रश्न उरला होता. स्क्रीनशॉटने फक्त इन्स्टा जातं, मेल नाही. बाबा चहा सांगायला बाहेर गेले तेव्हा तिने हळूच सांगितलं. रविवारी अकाऊंट परत मिळाल्यावर तिला "इन्स्टाग्राम हेल्प" अशा नावाने मेसेज आला होता की तुमचं अकाऊंट बंद होणार आहे, या फॉर्ममध्ये लॉगिन करून वाचवा. तिने मेल आणि पासवर्ड टाकला. जीमेलचा पासवर्ड तोच. मग फोनवर गूगलने विचारलं की तुम्हीच साइन इन करताय का, आणि तिने घाबरून "हो" दाबलं, तिला वाटलं हे त्या फॉर्मचंच आहे. हे ती आठ दिवस बोलली नव्हती, कारण रविवारी पहिल्यांदा अकाऊंट गेलं तेव्हाच बाबांनी फोन काढून घेईन म्हणून दम दिला होता. मी बाबांना दोष देत नाही, मीही बाप आहे आणि मीही ओरडलो असतो. पण ती गोष्ट शनिवारी कळली असती तर मी शनिवारीच लॅपटॉप काढला असता.

या एका मुद्द्याच्या मी दोन स्लाइड केल्या, काटकसर करत बसलो नाही.

मुलांसाठी: *मी लॉगिन करत नसताना फोनने "तुम्हीच का?" विचारलं, तर उत्तर नेहमी नाही.*

आईबाबांसाठी: *"काय दाबलंस?" हे शांतपणे विचारायचं. फोन काढून घ्यायची धमकी त्या दिवशी नाही.*

आणि ते इन्स्टाचं म्हणून आलेलं खरं की खोटं हे बघायचं झालं तर इन्स्टातच `Password and security` खाली `Recent emails` असतं, गेल्या १४ दिवसांत इन्स्टाने खरंच पाठवलेले सिक्युरिटीचे मेल तिथे दिसतात. तिथे नाही तर तो मेल खोटा. डीएममध्ये तर इन्स्टा असलं काही पाठवतच नाही, मग नावाला कितीही निळी टिक चिकटवलेली असो.

चौथं: पासवर्ड स्वतः

आता, हे सगळं साफ झाल्यावर, पासवर्ड बदला. आधी मेलचा, मग इन्स्टाचा. उलट केलंत तर नव्या इन्स्टा पासवर्डवर पण मेलमधून रीसेट मारता येतो.

दुकानात मी जे पासवर्ड ऐकलेत, लोक काउंटरवर मोठ्याने सांगतात हो, त्यात निम्मे म्हणजे नाव, जन्मवर्ष आणि शेवटी @123. त्या मुलीचाही तसलाच होता, आणि दरवेळी बदलला म्हणजे काय केलं तर शेवटचा आकडा एकने वाढवला. तो माणूस दोन प्रयत्नांत ओळखणार.

लांबी कामाची, चिन्हं कमी कामाची. एकमेकांशी संबंध नसलेले चार शब्द घ्या, मराठीच घ्या, इंग्रजी अक्षरांत लिहा, असं काहीतरी:

```
badli-lonche-signal-somvar
```

हाच वापरू नका, हा आता सगळ्यांनी वाचला. पाठ करायचे पासवर्ड दोनच, मेलचा आणि फोन उघडायचा. बाकी सगळे फोनमधल्या पासवर्ड मॅनेजरला बनवू द्या आणि त्यालाच लक्षात ठेवू द्या. याचा एक बोनस फायदा, खोट्या साइटवर तो पासवर्ड आपोआप भरत नाही कारण पत्ता जुळत नाही. म्हणजे जिथे नेहमी भरतो तिथे आज नाही भरला तर थांबून वरचा पत्ता वाचायचा.

जुना पासवर्ड कुठे फुटलाय का हे बघायला `haveibeenpwned.com` वर मेल आयडी टाका, फुकट आहे, पासवर्ड टाकावा लागत नाही. नाव निघालं तर तो पासवर्ड जिथे जिथे वापरला तिथून काढा.

स्लाइडवर: *मेलचा पासवर्ड दुसरीकडे कुठेच नाही.*

पाचवं: टू-फॅक्टर आणि कागदावरचे कोड

हे पाचवं का, पहिलं का नाही, असं मला एका मास्तरांनी विचारलं. कारण चोर आत असताना टू-फॅक्टर लावलंत तर तोही तुमचे बॅकअप कोड बघू शकतो, उतरवून घेऊ शकतो, आणि नवीन कोड काढेपर्यंत ते चालतात. आधी माणूस बाहेर काढायचा, मग कडी लावायची.

एसएमएसवर येणारा कोड काहीच नसण्यापेक्षा चांगला, पण फोनमध्येच कोड बनवणारं ऑथेंटिकेटर अ‍ॅप त्याहून बरं, कारण ते सिमवर अवलंबून नाही आणि गावाला रेंज नसली तरी चालतं. अर्थात अ‍ॅपचा कोड पण तुम्ही स्वतःच कोणाला वाचून दाखवलात तर काही उपयोग नाही.

लावून झालं की बॅकअप कोड मिळतात. गूगल एका वेळी १० देतं, प्रत्येक एकदाच चालतो. मुलं याचा स्क्रीनशॉट काढून गॅलरीत ठेवतात, आणि लोकलमध्ये फोन गेला की कोडही फोनबरोबर गेले. कागदावर लिहा, पाकिटात घाला, आणि घरात जिथे रेशन कार्ड आणि मार्कशीटची फाईल असते तिथे ठेवा. पाकिटावर मुलाने स्वतः सही करून चिकटवावं, आईबाबांनी फोन हरवल्याशिवाय उघडायचं नाही. ही आयडिया माझी नाही, एका आईची, तिचा मुलगा म्हणत होता तुम्ही माझे मेसेज वाचाल, तर तिने हा तोडगा काढला. मला आवडला. मुलाचा पासवर्ड मागण्यापेक्षा हे बरं, दोघांनाही पटतं.

व्हॉट्सअ‍ॅपला पण `Two-step verification` चा ६ आकडी पिन लावून टाका आणि `Linked devices` बघा, तेवढंच, त्यावर वेगळी स्लाइड नाही.

स्लाइडवर: *बॅकअप कोड कागदावर, गॅलरीत नाही.*

सहावं, सगळ्यात कटकटीचं: फोन किंवा लॅपटॉपच घाण झालाय

वरचं सगळं नीट केलं, फिल्टर नाही, परका नंबर नाही, टू-फॅक्टर लावलंय, आणि तरी अकाऊंट जातंय? मग मशीनवर संशय. मुलांच्या बाबतीत दोन रस्ते नेहमीचे. एक, फॉलोअर वाढवणारं अ‍ॅप किंवा "कोणी प्रोफाइल बघितली" सांगणारं अ‍ॅप, ज्यात स्वतःच्या हाताने इन्स्टाचा पासवर्ड टाकलेला असतो. ते अ‍ॅप काढून पासवर्ड बदलला की बहुतेक सुटतं. दोन, लॅपटॉपवर फुकटचा गेम, चीट किंवा मॉड उतरवलेला. यातले काही प्रोग्रॅम ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड आणि लॉगिन झाल्याची खूण, म्हणजे कुकी, एकदम उचलतात. कुकी गेली की चोराला पासवर्ड पण नको आणि टू-फॅक्टर पण नको, त्याचा ब्राउझर आधीच लॉगिन झालेला असतो. म्हणून लोक म्हणतात टू-फॅक्टर असून हॅक झालं.

ओळखायचं कसं? एकाच वेळी दोन-तीन वेगवेगळी अकाऊंट जातात, इन्स्टा, डिस्कॉर्ड, गेमचं, आणि आठवून बघितलं तर आदल्या एक-दोन दिवसांत काहीतरी उतरवून चालवलेलं असतं, बहुतेक वेळा "अँटिव्हायरस बंद करून चालवा" असं त्यावर लिहिलेलं.

फोनवर प्ले स्टोअरच्या बाहेरून टाकलेली अ‍ॅप काढा, प्ले प्रोटेक्टने स्कॅन करा, आणि सेटिंगमध्ये अ‍ॅक्सेसिबिलिटीची परवानगी कोणकोणत्या अ‍ॅपला आहे ते बघा, टॉर्च किंवा वॉलपेपरच्या अ‍ॅपला ती लागत नाही. तरी शंका उरली तर फोटोंचा बॅकअप घेऊन फॅक्टरी रीसेट. लॅपटॉप असेल तर विंडोज नव्याने टाकणं, अर्धवट साफसफाईवर माझा विश्वास नाही. आणि क्रम चुकवू नका: खराब मशीनवर बसून पासवर्ड बदलू नका, नवीन पासवर्ड पण तिथूनच जाईल. आईच्या फोनवरून बदला, सगळीकडून लॉगआऊट करा, मग मशीन पुसा.

इथे थांबा, पुढे आपलं काम नाही

जीमेलच गेलं असेल, रिकव्हरी नंबर आणि मेल दोन्ही बदललेले असतील, तर `accounts.google.com/signin/recovery` वर नेहमीच्या फोनवरून, घरच्या वायफायवरून प्रयत्न करा, ओळखीचं डिव्हाइस आणि ओळखीची जागा असली तर शक्यता वाढते. इन्स्टासाठी `instagram.com/hacked`. अकाऊंटवर तुमचे स्वतःचे फोटो असतील तर ते व्हिडिओ सेल्फी मागू शकतात, नुसती फुलांची नाहीतर फॅन पेज असेल तर तो मार्ग नाही. याच्या पलीकडे कोणाकडेच बटण नाही, माझ्याकडे पण नाही. इन्स्टावर, टेलिग्रामवर "अकाऊंट परत मिळवून देतो" म्हणणारे दोन-तीन हजार मागतात, तो दुसरा चोर. माझ्याकडे आलेल्या एका मुलाने आईच्या पर्समधले पैसे काढून अशाला दिले होते.

पैसे गेले असतील, आईबाबांच्या यूपीआयमधून असोत की मित्रांनी तुमच्या नावावर पाठवलेले, तर आधी १९३० ला फोन, मग बाकी सगळं. इथे तास मोजले जातात, पैसे पुढे सरकायच्या आत अडवता आले तर अडवतात. ऑनलाइन तक्रार `cybercrime.gov.in` वर.

खाजगी फोटोंवरून धमकी येत असेल तर पैसे देऊ नका, चॅट डिलीट करू नका, ब्लॉक करायच्या आधी प्रोफाइलची लिंक आणि स्क्रीनशॉट घ्या, आणि थेट पोलीस. त्याच पोर्टलवर महिला आणि मुलांच्या तक्रारींसाठी वेगळा भाग आहे, तिथे नाव न देताही तक्रार नोंदवता येते. मुलाला आधी कोणाशी बोलायचं असेल तर १०९८. फोटो काढला तेव्हा मूल १८ च्या आतलं असेल तर `takeitdown.ncmec.org` वर फोटो न पाठवताच त्याचा डिजिटल ठसा देता येतो, म्हणजे त्यात सहभागी असलेल्या साइटवर तो शोधून काढता येतो. असे फोटो दुकानदाराला दाखवू नका, मला पण नाही. फोन माझ्या हातात द्यायचीच गरज नाही.

शेवटची स्लाइड म्हणून फक्त दोन आकडे ठेवलेत, मोठ्या अक्षरात: *१९३० आणि १०९८. आत्ताच सेव्ह करायचे.*

त्या मुलीचं काय झालं तर सोमवारी रात्री फिल्टर काढला, मेलचा नवीन पासवर्ड, मग इन्स्टाचा, सगळीकडून लॉगआऊट, टू-फॅक्टर तिथेच दुकानात बसून, बॅकअप कोड माझ्या बिलाच्या पावतीच्या मागे लिहून दिले कारण दुसरा कागद नव्हता. पुढच्या दोन आठवड्यांत तीनदा न मागितलेला रीसेटचा मेल आला, यावेळी इनबॉक्समध्ये. दरवेळी तिने मला स्क्रीनशॉट पाठवला, लिंक झाकून.